काटा न थांबवता चालू व्हीएमची डिस्क हलवणे: काय होते आणि कुठे अडते

प्रश्न: सर, आमच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा सर्व्हर प्रॉक्समॉक्सवर व्हीएम म्हणून चालतो. आत लिनक्स आणि पोस्टग्रेस आहे. २०० जीबीची डिस्क जुन्या एनएएसवर एनएफएसने qcow2 स्वरूपात आहे आणि ती फार मंद झाली आहे. नवीन एसएसडीवर एलव्हीएम-थिन पूल केला आहे. गळीत हंगाम सुरू असल्याने काटा रात्रीही बंद ठेवता येत नाही. व्हीएम चालू ठेवून डिस्क हलवली तर डेटा बिघडेल का, आणि नेमके काय चुकू शकते?

उत्तर:

डेटा बिघडण्याची भीती या कामात सर्वांत कमी आहे. खरे धोके तीन ठिकाणी आहेत: लिहिण्याचा वेग कॉपीच्या वेगाला मागे टाकतो, नव्या पुलातली जागा संपते, किंवा जुना एनएएस ऐन वेळी अडून बसतो. तिन्ही धोके आधी मोजता येतात, आणि मोजले तर गाड्यांची रांग न लावता हे काम होते. त्यासाठी आत काय घडते ते आधी नीट समजून घ्यावे लागेल.

तुम्ही डिस्क हलवायला सांगितली की प्रॉक्समॉक्स ते काम क्यूईएमयूच्या मिरर जॉबकडे सोपवते. तो जॉब डिस्कचे ठरावीक आकाराचे तुकडे मानतो आणि प्रत्येक तुकड्यासाठी एक खूण ठेवतो. सुरुवातीला ज्या तुकड्यांत डेटा आहे त्या सगळ्यांवर ‘कॉपी बाकी’ अशी खूण असते. तुकडा नव्या ठिकाणी पोचला की खूण निघते. या काळात काट्याचा प्रोग्रॅम जे काही लिहितो ते नेहमीप्रमाणे जुन्या डिस्कवरच जाते, फक्त त्या तुकड्यावर पुन्हा खूण पडते आणि तो पुन्हा कॉपी होतो. खुणा संपल्या की जॉब ‘तयार’ स्थितीत येतो. मग क्यूईएमयू क्षणभर नवीन वाचन-लेखन रोखून धरते, उरलेसुरले तुकडे पोचवते आणि व्हीएमला नव्या डिस्कवर वळवते. पुढचे सगळे लेखन फक्त नव्या डिस्कवर होते.

याचा अर्थ असा की वळवण्याच्या क्षणापर्यंत जुनी डिस्क पूर्ण आणि अद्ययावत असते. त्याआधी जॉब कोणत्याही कारणाने पडला, नव्या एसएसडीने त्रुटी दिली किंवा तुम्ही स्वतः काम रद्द केले, तरी व्हीएम जुन्या डिस्कवर जशी चालत होती तशीच चालत राहते आणि अर्धवट कॉपी टाकून द्यावी लागते, इतकेच. होस्टची वीज गेली तरी हेच होते. जुनी डिस्क अचानक बंद पडल्यासारखी सापडते, आणि अशा वेळी पोस्टग्रेस आपल्या लॉगवरून स्वतःला सावरते. तरीही भारनियमनाच्या दिवसांत हे काम यूपीएसची बॅटरी तपासूनच सुरू करावे, कारण होस्ट बंद पडला तर कॉपी नव्याने करावी लागेल आणि काटाही थांबेलच. डिस्क हलवताना पोस्टग्रेस थांबवण्याची किंवा आतली फाइल सिस्टम गोठवण्याची गरज नसते. ती काळजी एका ठरावीक क्षणाची वेगळी प्रत काढताना घ्यायची असते. इथे दोन्ही डिस्का वळवताना अगदी एकसारख्या असतात.

आता पहिला धोका, जो बहुतेकांच्या हिशेबातून निसटतो. तुमच्या पुलावर जाणाऱ्या कॉपीसाठी मिररचा तुकडा ६४ केबीचा असतो आणि पोस्टग्रेसचे पान ८ केबीचे. काट्यावर एका गाडीचे वजन नोंदले गेले की ८ केबीचे पान कुठेतरी लिहिले जाते, पण खूण पडते ती ६४ केबीच्या पूर्ण तुकड्यावर. विखुरलेले लेखन असेल तर प्रत्यक्ष लिहिलेल्या डेटाच्या आठपट डेटा पुन्हा कॉपी करावा लागू शकतो. तुमच्या व्हीएममध्ये सेकंदाला ३०० अशी लेखने होत आहेत असे धरू. पोस्टग्रेसने लिहिलेला डेटा सेकंदाला २.३ एमबीच आहे, पण वाईटात वाईट स्थितीत मिररवर पडणारे ओझे १९ एमबीच्या आसपास जाते. कॉपीचा वेग ६० एमबीवर बांधला असेल तर हे आरामात निभते. पण त्याच वेळी एखादा मोठा अहवाल किंवा पोस्टग्रेसची व्हॅक्यूम प्रक्रिया सुरू झाली आणि लेखने सेकंदाला १२०० झाली, तर ओझे ७५ एमबी होते. मग विहीर उपसताना झऱ्यांनी तितक्याच वेगाने पाणी भरत राहावे तशी गत होते आणि काम संपतच नाही. हा हिशेब टोकाचा आहे हे खरे, कारण एकच तुकडा कॉपी होण्याआधी दहा वेळा लिहिला गेला तरी तो एकदाच मोजला जातो. तरी नियोजन या टोकाच्या आकड्यावरूनच करावे.

म्हणून व्हीएमच्या आत `iostat -x 5` लावून निदान एक पूर्ण दिवस `w/s` या रकान्याकडे पाहा. मध्यरात्री शांत असते ही समजूत कारखान्यात बहुधा खोटी ठरते. उसाच्या गाड्या रात्रभर येतात, बॅकअप रात्रीच लागलेला असतो आणि दिवसाच्या आवकेचे अहवालही बहुधा रात्रीच तयार होतात. काट्यावरची गर्दी आणि डिस्कवरचे लेखन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पन्नास गाड्या रांगेत असल्या तरी काट्यावर एका वेळी एकच गाडी चढते, त्यामुळे गर्दीच्या वेळी डिस्क जड होतेच असे नाही; तिला जड करते ते बॅकअप आणि अहवाल. तेव्हा या दोन्ही कामांच्या वेळा बघून त्यांच्यामधली फट निवडा. बॅकअप सुरू असताना प्रॉक्समॉक्स व्हीएमला कुलूप लावून ठेवते आणि डिस्क हलवू देत नाही, पण उलट बाजूने, डिस्क हलत असताना बॅकअपची वेळ येऊ नये हे तुम्हीच पाहायचे आहे.

वेगाची मर्यादा का घालायची हेही यातूनच ठरते. तुमचा एनएएस एक गिगाबिटच्या जाळ्यावर असेल तर त्यातून सेकंदाला सुमारे ११० एमबी निघतात. कॉपी त्याच तारेतून वाचते आणि काट्याचा प्रोग्रॅमही अजून त्याच तारेतून वाचतो-लिहितो. मर्यादा न घालता सोडले तर कॉपी सगळी तार व्यापते आणि एक पावती छापायला कित्येक सेकंद लागू लागतात. मंद एनएएसवर तर तारेच्या आधी त्याच्या डिस्काच दमतात. म्हणून साधारण निम्म्या वेगाने सुरुवात करावी. इथे एककांचा गोंधळ टाळा: प्रॉक्समॉक्सच्या आज्ञेत आकडा किलोबाइटमध्ये द्यायचा असतो, तर libvirt च्या virsh मध्ये तो मेगाबाइटमध्ये असतो. ६० एमबी हवे असताना प्रॉक्समॉक्सला नुसते ६० दिले तर काम जवळजवळ महिनाभर रांगत राहील.

दुसरा धोका जागेचा. थिन पुलात डिस्कचा आकार कागदोपत्री असतो. जागा लागते ती लिहिल्यावर. त्यामुळे पुलात किती शिल्लक आहे आणि जुन्या डिस्कमध्ये खरोखर किती व्यापले आहे, हे दोन आकडे आधी मिळवा.

```
lvs -o lv_name,lv_size,data_percent,metadata_percent
qemu-img info -U /mnt/pve/nas-juna/images/104/vm-104-disk-0.qcow2
```

दुसऱ्या आज्ञेतील `-U` आवश्यक आहे, नाहीतर चालू व्हीएमने फाइलवर लावलेल्या कुलपामुळे ती नकार देते. समजा, पूल ५०० जीबीचा आहे आणि त्यातले ५८ टक्के, म्हणजे २९० जीबी, भरलेले आहेत. व्हीएमच्या आत `df` ७० जीबी वापर दाखवतो, पण `qemu-img` मधील `disk size` १४० जीबी दाखवते. हा फरक चुकीचा नाही. कधीतरी लिहिलेल्या आणि नंतर पुसलेल्या फाइलींची जागा qcow2 मध्ये तशीच अडकून राहिली आहे, आणि मिररला फाइल सिस्टमची काहीच समज नसल्याने तो ती पुसलेली जागाही इमानाने कॉपी करतो. म्हणजे हलवल्यानंतर पूल २९० अधिक १४०, एकूण ४३० जीबी, म्हणजे ८६ टक्के भरेल. डिस्क qcow2 ऐवजी raw असती आणि एनएफएसची आवृत्ती ४.२ पूर्वीची असती, तर फाइलमधली रिकामी भोके दिसलीच नसती आणि पूर्ण २०० जीबी वाचावे लागले असते. अशा वेळी पुलाचा हिशेबही २०० जीबीचाच धरावा, म्हणजे ९८ टक्के, आणि त्या पुलावर काम सुरूच करू नये.

पूल भरला तर काय होते हे स्पष्ट सांगतो, कारण यात एक फसवी बाब आहे. कॉपी सुरू असताना पूल भरला तर तुमचा मिरर जॉब पडेल आणि काट्याची व्हीएम एनएएसवर सुखरूप चालत राहील. पण त्याच पुलावर असलेल्या इतर व्हीएमना नवी जागा मिळणार नाही. नेहमीच्या मांडणीत अशी लेखने आधी ६० सेकंद अडकून राहतात आणि मग त्रुटी परतते. क्यूईएमयू ती व्हीएम थांबवते आणि प्रॉक्समॉक्समध्ये तिची स्थिती `io-error` दिसते. मराठवाड्यातल्या एका पतसंस्थेत हेच घडले होते: ज्या व्हीएमची डिस्क हलवत होते ती ठणठणीत चालत होती आणि शेजारची हजेरीची व्हीएम बंद पडली होती, त्यामुळे दोन तास सगळे भलत्याच ठिकाणी बिघाड शोधत बसले. एलव्हीएमची पूल आपोआप वाढवण्याची सोय मूळ मांडणीत बंद असते, आणि एसएसडीवर वाढवायला जागा नसेल तर ती चालू करूनही उपयोग नाही. डेटाबरोबर `Meta%` हा रकानाही पाहा. तो भरला तर पुलाची दुरुस्ती डेटा भरण्यापेक्षा किचकट असते.

पुसलेली जागा परत मिळवायची तर डिस्कवर `discard=on` असले पाहिजे आणि व्हीएमच्या आत `fstrim -av` चालवले पाहिजे. हे हलवल्यानंतर केले तर आपल्या उदाहरणात पूल ८६ वरून ७२ टक्क्यांवर येईल. मात्र `discard` हा पर्याय आता बंद असेल तर तो चालू व्हीएमवर लगेच लागू होत नाही. व्हीएम बंद करून पुन्हा सुरू होईपर्यंत तो प्रलंबित राहतो. म्हणजे तुम्हाला तो हंगाम संपेपर्यंत मिळणार नाही असे धरा आणि ८६ टक्के परवडतात का ते आताच ठरवा.

हे सगळे जुळत असेल, ताजा बॅकअप हाताशी असेल आणि तो एकदा दुसऱ्या क्रमांकाच्या व्हीएमवर परत उतरवून पाहिला असेल, तर प्रत्यक्ष आज्ञा एकाच ओळीची आहे.

```
qm move-disk 104 scsi0 ssd-thin --bwlimit 61440
```

`--delete` हा पर्याय मी मुद्दाम दिलेला नाही. त्याच्याशिवाय जुनी डिस्क `unused0` म्हणून व्हीएमच्या मांडणीत राहते. डिस्कवर स्नॅपशॉट असतील तर `--delete` सह प्रॉक्समॉक्स तसेही नकार देते, आणि हा नकार योग्यच आहे: qcow2 च्या पोटातले स्नॅपशॉट मिररबरोबर जात नाहीत, फक्त सध्याची स्थिती जाते. तेव्हा स्नॅपशॉट हवेत की नकोत याचा निर्णय आधी घ्या.

१४० जीबी आणि ६० एमबी या हिशेबाने सुमारे ४० मिनिटे लागतील. पडद्यावर `transferred` असलेल्या ओळी सरकत राहतात, त्यात किती गेले आणि एकूण किती, असे दोन आकडे असतात. टक्केवारीकडे लक्ष देण्यापेक्षा दुसऱ्या आकड्याकडे पाहा. व्हीएम लिहीत असते तसा तो हळूहळू वाढतो आणि थोडी वाढ स्वाभाविक आहे. पण पहिला आकडा दुसऱ्याच्या अगदी जवळ पोचला आहे, दोन्ही एकाच वेगाने पुढे सरकत आहेत आणि `all 'mirror' jobs are ready` ही ओळ काही केल्या येत नाही, असे दिसले तर वर सांगितलेली न संपणारी कॉपी सुरू झाली आहे. ही ओळ येऊनही वळवणे लांबत असेल तर कारण बहुधा तेच असते, कारण ‘तयार’ झाल्यावरही शेवटची खूण निघेपर्यंत थांबावे लागते.

अशा वेळी घाईने काम रद्द करू नका. आधी व्हीएममधले कोणते काम लिहीत आहे ते शोधा. अहवाल किंवा व्हॅक्यूम असेल तर ते संपू द्या, कॉपी आपोआप मार्गी लागते. तसे नसेल आणि एनएएसमध्ये अजून दम असेल, तर चालू जॉबची मर्यादा वाढवता येते.

```
qm monitor 104
info block-jobs
block_job_set_speed drive-scsi0 90M
```

शेवटचे `M` लिहायला विसरू नका. libvirt वापरणाऱ्यांना आणखी दोन वाटा आहेत. `virsh blockcopy` मध्ये `--granularity` देऊन तुकडा लहान करता येतो. तसेच `--synchronous-writes` दिले तर व्हीएमचे प्रत्येक लेखन दोन्ही डिस्कांवर एकदमच होते, त्यामुळे कॉपी नक्की संपते, पण तोवर लेखनाचा वेग दोहोंतल्या मंद डिस्कइतका होतो. तुमच्या बाबतीत मंद डिस्क ही जुनीच असल्याने त्याने फार बिघडले नसते. एसएसडीवरून एनएएसवर जाणाऱ्याला मात्र ते जाणवेल.

तिसरा धोका जुन्या एनएएसचा, आणि तुमच्या प्रश्नातल्या ‘फार मंद झाली आहे’ या शब्दांमुळे मला याचीच सर्वांत जास्त शंका आहे. मंदपणाचे कारण खराब होत चाललेली एखादी हार्ड डिस्क असेल तर मिररला अशी जागा वाचावी लागेल जी कित्येक महिन्यांत कोणी वाचलेली नाही. ती वाचता आली नाही की जॉब त्रुटी देऊन पडतो. याची खूण सोपी आहे: पुन्हा सुरू केल्यावर काम दरवेळी जवळपास त्याच ठिकाणी अडते. मग कितीही वेळा प्रयत्न केला तरी मिररने ते होणार नाही. त्या फाइलचा चांगला बॅकअप उतरवणे हाच मार्ग राहतो आणि त्यासाठी काटा थोडा वेळ थांबवावाच लागतो. म्हणून सुरुवात करण्यापूर्वी एनएएसच्या पानावर प्रत्येक डिस्कची स्मार्ट माहिती पाहा आणि वाट पाहत असलेले किंवा बदललेले सेक्टर शून्याहून जास्त आहेत का ते बघा. काल रात्रीचा बॅकअप पूर्ण आणि त्रुटीविना झाला असेल तर तोही एक पुरावा आहे, पण फक्त बदललेले भाग वाचणारा बॅकअप असेल तर नाही.

एनएएस त्रुटी न देता नुसता गप्प झाला तर प्रकार जास्त त्रासदायक होतो. एनएफएस सहसा ‘हार्ड’ जोडणीने लावलेले असते, म्हणजे उत्तर येईपर्यंत होस्ट वाट पाहतच राहतो. वाटेत असलेली वाचने परत आल्याशिवाय मिरर जॉब रद्दही होत नाही, त्यामुळे रद्द करण्याचे बटण दाबूनही काही घडत नाही असे वाटते, आणि व्हीएमच्या आत `dmesg` मध्ये `blocked for more than 120 seconds` अशा ओळी येऊ लागतात. या स्थितीत क्यूईएमयूची प्रक्रिया मारून टाकण्याचा मोह होतो. तो आवरा. आधी एनएएस, त्याची तार आणि स्विच पाहा. एनएएस परत बोलू लागला की अडकलेली लेखने पुढे जातात आणि व्हीएम बहुतेकदा जिथे होती तिथून चालू लागते. व्हर्टिओच्या डिस्कांना लिनक्समध्ये अशा वेळी काळमर्यादा आड येत नाही. काट्याच्या प्रोग्रॅमने डेटाबेसची वाट पाहायची स्वतःची मर्यादा ठेवली असेल तर तो मात्र त्रुटी दाखवेल, म्हणून काट्यावरच्या माणसाला आधी सांगून ठेवा आणि हाताने पावती लिहायचे पुस्तक जवळ असू द्या.

वळवणे झाले की व्हीएममध्ये एक पावती काढून पाहा आणि होस्टवर `qm config 104` मध्ये `scsi0` समोर नवीन पूल दिसतो याची खात्री करा. libvirt असेल तर `virsh domblklist` एकदा साधे आणि एकदा `--inactive` सह चालवून दोन्हीकडे नवा पत्ता आहे ना ते तपासा. चालू मांडणी नवी आणि साठवलेली मांडणी जुनी राहिली तर पुढच्या वेळी सुरू होताना व्हीएम जुन्या डिस्कवर उठेल. त्या रात्रीचा बॅकअप नेहमीपेक्षा लांबला तर दचकू नका. बदलांची नोंद जुन्या डिस्कबरोबर गेलेली असते, म्हणून पहिला बॅकअप सगळी डिस्क पुन्हा वाचतो.

`unused0` बाबत एक कडक सूचना आहे. वळवण्याच्या क्षणापासून ती डिस्क शिळी होते. दोन दिवसांनी काही अडले म्हणून कोणी ती परत जोडली तर व्हीएम छान सुरू होईल, पण दोन दिवसांच्या पावत्या गायब असतील आणि नव्या गाड्यांना तेच पावती क्रमांक पुन्हा मिळतील. शेतकऱ्यांच्या उसाच्या बिलात हा घोळ निस्तरणे कोणाच्याही आवाक्याबाहेरचे आहे. तेव्हा ती ‘परतीचा मार्ग’ म्हणून नव्हे, तर नव्या डिस्कवरचा पहिला पूर्ण बॅकअप होऊन तपासला जाईपर्यंत ठेवायची प्रत म्हणून ठेवा आणि मग लगेच काढून टाका.

आणखी एक गोष्ट ठरवून ठेवा. आजवर डिस्क सामाईक एनएएसवर असल्याने एक होस्ट बंद पडला तरी दुसऱ्या होस्टवर ही व्हीएम उठवता येत होती. एसएसडीचा पूल एकाच होस्टच्या पोटात आहे. तो होस्ट गेला तर डिस्कही त्याच्याबरोबर अडकते. तुमच्याकडे दोन होस्ट असतील तर हंगाम संपेपर्यंत काट्याच्या व्हीएमचा बॅकअप दिवसातून एकदाऐवजी तासातासाला दुसऱ्या होस्टवर किंवा वेगळ्या बॅकअप यंत्रावर घ्या. बॅकअप सुरू असताना काट्याच्या लेखनाला बॅकअप ठेवायच्या जागेचा मंदपणाही जाणवू शकतो, म्हणून तो त्याच जुन्या एनएएसवर मात्र ठेवू नका.